आठ मायक्रॉनचं पत्र

पृष्ठभागाच्या खरखरीतपणाबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. एच आणि जी या अक्षरांवरचा लेख वाचून भोसरीच्या एका जॉब शॉपच्या मालकांनी विचारलं आहे : "हे सगळं मला कळतं हो, पण गिऱ्हाइकाला कसं सांगू? टॉलरन्स सैल करा म्हटलं की त्यांना वाटतं, याला काम जमत नाही." सोबत त्यांनी पत्राचा कच्चा मसुदाही पाठवला. त्यांच्या परवानगीने, नावं काढून, हा सगळा लेख त्या पत्राला देतो. असं पत्र नीट लिहिता येणं हा आपल्या धंद्यातला मोठा गुण आहे असं मी मानतो, आणि तो फार थोड्यांकडे दिसतो.

जॉब साधा आहे. ईएन ८ पोलादाचा एक लिव्हर. त्याच्या बॉसमध्ये २५ मि.मी.चा बोअर, लांबी ४० मि.मी. बोअरमधून ग्राइंड केलेली पिन जाते आणि लिव्हर तिच्यावर मागेपुढे झुलतो. त्याचं दुसरं टोक १२० मि.मी.वर एका फोर्कच्या खाचेत चालतं आणि तिथे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मि.मी. मोकळीक आहे. पिनीवर जी६ लिहिलं आहे आणि बोअरवर एच६. महिन्याला तीनशे लिव्हर जातात.

मालकांच्या मसुद्यात पहिला परिच्छेद होनिंगच्या वाढलेल्या दराचा होता, दुसरा रिजेक्शनचा, आणि पिनीचं नाव शेवटच्या ओळीत. असं पत्र डिझाइनवाल्याच्या टेबलावर पडलं, तर तो पहिल्या परिच्छेदालाच ठरवतो की ही दुकानदाराची अडचण आहे, आपली नाही. त्याला एकच काळजी असते : माझं यंत्र नीट चालेल ना? तिचं उत्तर आधी आणि पैशांचं नंतर, एवढा क्रम आम्ही बदलला. शिवाय पत्र खरेदी विभागाऐवजी डिझाइन विभागाच्या नावे केलं आणि खरेदीला प्रत दिली. खरेदीवाल्याला ड्रॉइंगवरचा आकडा बदलायचा अधिकार नसतो. दर कमी होतोय एवढंच त्याला दिसतं, आणि मग तो जुन्याच ड्रॉइंगवर कमी दर मागतो. सुधारलेलं पत्र असं :

"प्रति, मा. प्रमुख, डिझाइन विभाग.
विषय : लिव्हरच्या २५ मि.मी. बोअरची टॉलरन्स एच६ ऐवजी एच७ करण्याबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

आपल्या ड्रॉइंगप्रमाणे बोअर २५.००० ते २५.०१३ मि.मी. आणि पिन २४.९८० ते २४.९९३ मि.मी. आहे. त्यामुळे दोहोंमधली मोकळीक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ३३ मायक्रॉन येते. आमची विनंती बोअर २५.००० ते २५.०२१ करण्याची आहे. बोअरची खालची मर्यादा बदलत नाही, म्हणून कमीत कमी मोकळीक ७ मायक्रॉनच राहील आणि पिन आजच्याइतकीच सहज बसेल. जास्तीत जास्त मोकळीक ३३ वरून ४१ होईल, म्हणजे ८ मायक्रॉनने वाढेल.

या वाढीचा परिणाम आम्ही लिव्हरच्या टोकाशी तपासला. बोअर ४० मि.मी. लांब आणि टोक १२० मि.मी. दूर, म्हणून मोकळीक टोकाशी तिप्पट होऊन दिसते. आज सर्वांत सैल जोडीत टोक एका बाजूला सुमारे ०.१० मि.मी. कलू शकते, नव्या मापात ते ०.१२ मि.मी. कलेल. फोर्कमध्ये प्रत्येक बाजूला ०.५ मि.मी. जागा आहे. टोकाला आम्हाला माहीत नसलेले दुसरे काही काम असल्यास कृपया कळवावे.

आज बोअर एच६ मध्ये आणण्यासाठी होनिंग बाहेरून करून घ्यावे लागते. एका लिव्हरमागे होनिंगचे २२ रुपये, नेआण व धुण्याचे ४, प्रत्येक नग बोअर गेजने मोजण्याचे ६ आणि रिजेक्शनचे ९, असे ४१ रुपये पडतात. एच७ झाल्यास बोअर आमच्याच मशिनवर रीमरने होईल : रीमिंगचे ९, प्लग गेजने तपासण्याचे २ आणि रिजेक्शनचे २, असे १३ रुपये. वाचणाऱ्या २८ रुपयांपैकी १८ रुपये आम्ही दरात कमी करू. माल तीन दिवस लवकर मिळेल.

यासोबत बोअरचा खरखरीतपणा आरए ०.८ ऐवजी १.६ मायक्रॉन मान्य करावा, अशीही विनंती आहे. पिन व शेजारचा ५२ मि.मी.चा बेअरिंगचा बोअर यांत कोणताही बदल नको.

मान्यता असल्यास ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती पाठवावी. ती हाती येईपर्यंत आम्ही सध्याच्या मापानेच माल देऊ. तपासणीसाठी रीमर केलेले वीस लिव्हर, प्रत्येकाच्या बोअरच्या मोजमापांसह, वेगळे पाठवत आहोत.

कळावे, आपला विश्वासू."

पत्राचा सगळा जोर पहिल्या परिच्छेदात आहे. एच या अक्षराचा बोअर नेहमी नेमक्या मापापासून सुरू होतो आणि फक्त वरच्या बाजूला वाढतो. म्हणून एच६ चा एच७ केला की फिट फक्त सैल टोकाकडे सरकतो. घट्ट टोक जागचं हलत नाही. डिझाइनवाल्याची निम्मी भीती इथेच संपते, कारण जोडणीच्या वेळी पिन अडकणं हा त्याला सगळ्यात लवकर ऐकू येणारा बोभाटा असतो.

आता गिऱ्हाइकाला ८ मायक्रॉन वाढताना दिसतात, पण दुकानात किती वाढतात? हे पत्रात लिहिलेलं नाही. मोजमापात चूक असतेच. चांगला बोअर गेज, रिंगवर नीट सेट केलेला, तरी दोन मायक्रॉन इकडे-तिकडे धरावेच लागतात. म्हणून शहाणा कारागीर दोन्ही टोकांना दोन-दोन मायक्रॉन सोडून काम करतो. १३ मधून ४ गेले, हातात ९ राहिले. २१ मधून ४ गेले, तर १७ राहतात. म्हणजे कारागिराची जागा जवळजवळ दुप्पट झाली. त्यात उष्णतेची भर. मशिनवरून नुकताच उतरलेला लिव्हर गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर २५ मि.मी.चा पोलादी बोअर चार मायक्रॉनहून थोडा जास्तच मोठा दिसतो. नऊच्या जागेत चारची चूक म्हणजे चांगला नग बाद किंवा बाद नग पास. सतराच्या जागेत ती सहन होते. तीनशे लिव्हरमागे आज नऊ बाद होतात, ते बहुतेक याच पट्टीत. बोअर हे शेवटचं काम असल्यामुळे तोपर्यंत एका लिव्हरवर तीनशे रुपये खर्च झालेले असतात. बोअर लहान राहिला तर पुन्हा काढता येतो. मोठा झाला की लिव्हर भंगारात. नऊ लिव्हरचे तीनशेप्रमाणे पैसे तीनशे नगांवर वाटले की पत्रातले ते ९ रुपये येतात.

एच७ वरच का थांबायचं, एच८ का नाही? हा प्रश्न मालकांनीच मला फोनवर विचारला. टोकाचा हिशेब एच८ लाही पास करतो : मोकळीक ५३ मायक्रॉन, टोकाशी कल ०.१६ मि.मी. पण एच८ ने पैसे वाचत नाहीत. बाजारात तयार मिळणारा २५ चा रीमर एच७ साठीच घासलेला असतो. एच७ चा बोअर तोच रीमर करतो आणि एच८ चाही तोच, तेवढ्याच वेळात. खर्चाची पायरी एच६ आणि एच७ यांच्या मध्ये आहे, कारण तिथे होनिंग गळतं. पुढे फक्त फिट सैल होत जातो. झुलणाऱ्या सांध्यात मोकळीक जास्त असली की प्रत्येक फेऱ्याला पिन ठोकली जाते आणि झीज लवकर सुरू होते. गिऱ्हाइकाचं नुकसान आणि आपला फायदा शून्य, असा बदल मागूच नये.

रीमरबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. नवा रीमर एच७ च्या वरच्या मर्यादेला टेकेल असा बनवत नाहीत. टॉलरन्सचा सुमारे १५ टक्के भाग वर मोकळा ठेवतात, कारण रीमर स्वतःच्या मापापेक्षा किंचित मोठा बोअर कापतो. झिजत गेला की बोअर हळूहळू खाली, २५.००० कडे सरकतो. म्हणजे सगळं सरळ असेल तर बोअर ४१ मायक्रॉनच्या सैल टोकापर्यंत क्वचितच पोचतो, आणि तिथे पोचला तरी त्याच्या वाट्याला सगळ्यात बारीक पिन यावी लागते.

सरळ नसेल तर मात्र तीन खोड्या दिसतात. रीमर आणि आधीचं छिद्र एका रेषेत नसलं की बोअरचं तोंड कर्ण्यासारखं फाकतं. नो-गो गेज तोंडाशी दोन-तीन मि.मी. आत जातो आणि मग अडतो, ही त्याची खूण. फ्लोटिंग होल्डर लावला की बहुधा मिटतं. दुसरी खोडी ईएन ८ मध्ये ठरलेली : कूलंट कमी पडलं की धारेवर पोलादाचा थर चिकटतो, बोअर अचानक मोठा होतो आणि आत उभे ओरखडे दिसतात. तिसरी पकडीची. चक जास्त आवळला तर पकडीत गोल असलेला बोअर सोडल्यावर गोल राहत नाही. प्लग गेज हे सांगत नाही. बोअर गेज आडवा-उभा फिरवूनच कळतं. म्हणून प्लग गेज आला तरी दर पंचविसावा नग बोअर गेजनेही बघा, असं मी मालकांना सांगितलं आहे.

खरखरीतपणाची ओळ पत्रात मी आग्रहाने घालायला लावली. टॉलरन्स सैल झाली आणि आरए ०.८ तसाच राहिला, तर रीमरने तो कधी येईल, कधी नाही. मग त्यासाठी होनिंग पुन्हा करावं लागेल आणि दर तर आधीच कमी केलेला असेल. हा सांधा ग्रीसवर चालतो, १.६ त्याला पुरतो. तो कसा मोजायचा, हे पुढच्या आठवड्यात.

५२ च्या बोअरला हात न लावण्याचं कारण मालकांना चटकन पटलं. तिथे ६२०५ बेअरिंगची बाहेरची कडी बसते. सैल झालेली कडी बोअरमध्ये सरकत फिरू लागते आणि बोअर खाऊन टाकते. तिथे टोकाचा कल मोजून काही सिद्ध होत नाही, आणि एच७ आधीच लिहिलेलं आहे.

लेख छपाईला जाण्याआधी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. डिझाइनवाल्यांनी एच७ आणि १.६ दोन्ही मान्य केलं, पण एक अट घातली : सुटे भाग म्हणून जाणाऱ्या लिव्हरसोबत नवी पिन द्यायचीच. चालू यंत्रातली पिन आधीच दहा-वीस मायक्रॉन झिजलेली असू शकते. तिच्यावर मोठ्या मापाचा बोअर चढला तर ४१ चा हिशेब लागू होत नाही. ही गोष्ट मालकांच्या मसुद्यात नव्हती, माझ्याही ध्यानात आली नव्हती. सुधारित ड्रॉइंग येईपर्यंत होनिंग चालू आहे, आणि पिनीच्या वेगळ्या दराचं कोटेशन मालकांनी काल पाठवलं.