अध्ययनातील पठारावस्था

पठारावस्था म्हणजे कौशल्य शिकताना नियमित सराव चालू असूनही प्रगती काही काळ थांबल्यासारखी दिसण्याची अवस्था. आलेखावर या काळातील रेषा सपाट होते, म्हणून हे नाव पडले.

या अवस्थेचा पहिला प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ मध्ये तारायंत्रचालकांवर केला. संदेश पाठवण्याचा वेग सलग वाढत गेला, पण संदेश ऐकून उतरवण्याचा वेग मध्येच दीर्घकाळ अडकला. शिकणारा आधी सुटी अक्षरे ओळखतो, नंतर पूर्ण शब्द. खालची सवय पक्की होईपर्यंत वरची बसत नाही, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढील संशोधकांना हे पठार प्रत्येक वेळी आढळले नाही. त्यामुळे ती अटळ पायरी मानणे योग्य नव्हे.

मराठी टंकलेखनातील उदाहरण

महाराष्ट्रात लिपिकपदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. समजा, इन्स्क्रिप्ट कळफलकावर सराव करणारा एक विद्यार्थी २५ शब्दांवर अडकला आहे. तोच उतारा रोज टंकित केल्याने त्याची जुनी सवयच घट्ट होते. प्रथम त्याने जोडाक्षरे नसलेल्या २० शब्दांची एक ओळ आणि 'त्यांच्या', 'आपल्या' अशा २० शब्दांची दुसरी ओळ टंकित करून दोन्हींचा वेळ घड्याळाने मोजावा. पहिलीला ४२ आणि दुसरीला ६२ सेकंद लागले, तर अडचण बहुधा जोडाक्षरांत आहे. दुसऱ्या ओळीत कळा अधिक असल्याने थोडा फरक स्वाभाविकच. पण 'च्या'च्या मध्यावर हात थबकत असेल, तर निदान पक्के होते.

इन्स्क्रिप्टमध्ये 'च्या'साठी च, हलन्त, य आणि काना अशा चार कळा लागतात. यातील व्यंजने उजव्या हाताकडे, तर हलन्त व काना डाव्या हाताकडे असल्याने हात आलटून पालटून चालतात. नवशिका या चार कळा सुट्या आठवतो. म्हणून 'च्या', 'त्या', 'ल्या' हे गट आधी सावकाश, एका लयीत, कळफलकाकडे न पाहता गिरवावेत. त्यानंतर एकेक मिनिट नेहमीपेक्षा जरा जास्त वेगाने, चुका होऊ देऊन, टंकित करावे. चुका नंतर मोजून त्यांची अक्षरे टिपावीत.

मोजणी

उताऱ्याचा वेग रोज एकदोन शब्दांनी वरखाली होतोच. त्यामुळे आठवड्यातून एकदा सारख्या काठिण्याचे पाच नवे उतारे घेऊन मधला आकडा धरतात: २४, २६, २५, २३, २५ यांत तो २५ येतो. जोडाक्षरांच्या ओळीचा वेळ मात्र रोज नोंदवावा. तो ६२ वरून ५७, मग ५३ सेकंदांवर आला, तर उताऱ्याचा आकडा २५ वरच असला तरी पद्धत लागू पडत आहे. चुका वाढत असतील, तर हा वेग फसवा असतो. पद्धत बदलल्यावर पहिले काही दिवस वेग घसरू शकतो. पण दोन आठवड्यांनंतरही ओळीचा वेळ कमी झाला नाही, तर निदान चुकले असावे. अशा वेळी नजर वारंवार कळांकडे जाते का, हे तपासावे.