काजळीची गाळणी

कोथरूड ते डेक्कन, जेमतेम पाच किलोमीटर. आमच्या शेजारच्या काकांची डिझेल गाडी रोज एवढीच धावते. परवा मीटरवर पिवळा दिवा लागला: एक चौकोन आणि त्यात ठिपके. काका घाबरले, पण गाडी बिघडली नव्हती. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, भरत आली होती.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर ही गाळणी बसली. आतून ती मधाच्या पोळ्यासारखी असते. शेजारशेजारच्या नळ्या आलटूनपालटून एकेका टोकाला बुजवलेल्या असल्याने धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे राहते. ती किती साठली, हे गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावरून कळतं.

साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते गाठायला इंजिन ज्वलनानंतर थोडं जादा डिझेल फवारतं. याला रीजनरेशन म्हणतात आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. काकांची गाडी नीट तापण्याआधीच डेक्कनला पोचते. कधी जाळणं सुरू झालंच, तरी किल्ली फिरते आणि काम अर्धवट राहतं. शिवाय जादा डिझेलचा काही भाग झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतो. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल पातळ झाल्याची ती खूण.

रविवारी आम्ही टाकी निम्मी भरून किवळ्याहून द्रुतगती मार्गाला लागलो. वेग ऐंशीच्या आसपास ठेवला आणि मुद्दाम एक गिअर खाली, म्हणजे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरत राहील. थोड्या वेळाने मीटरवरचा तात्कालिक ॲव्हरेज घसरला. जादा डिझेल जळत असल्याचीच ती निशाणी. लोणावळ्याच्या फाट्याआधी दिवा विझला. मध्येच पंखा जोरात फिरू लागला किंवा जळका वास आला, तर काम चालू आहे असं समजून गाडी चालवत राहावं. अशा वेळी वाळक्या गवतावर मात्र ती उभी करू नये. खालचा भाग फार तापलेला असतो.

हा उपाय नुसता पिवळा दिवा असेपर्यंतच. तो लुकलुकू लागला, इंजिनचाही दिवा लागला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर गॅरेज गाठावं. तिथे स्कॅनर लावून सक्तीने जाळणी करतात. आणि गाळणीत साठणारी ऑइलमधल्या रसायनांची राख कितीही पळवलं तरी जळत नाही. म्हणून कंपनीने सांगितलेलं, कमी राखेचंच ऑइल घालावं.

काका आता पंधरवड्यातून एकदा गाडी हायवेला काढतात. पण नवी गाडी घेणाऱ्याचं रोजचं जाणंयेणं पाच किलोमीटरचंच असेल, तर त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.