उजवीकडचा रकाना

गावाच्या नळपाणी योजनेसाठी तीन जागांच्या उंच्या हव्या आहेत : नदीकाठची विहीर, टेकाडावरची टाकी आणि वेशीजवळची शाळा. लेव्हलची दुर्बीण तिपाईवर लावायची, मागच्या आणि पुढच्या बिंदूवर स्टाफ उभा धरायला लावायचा आणि दोन्ही वाचनांची वजाबाकी करायची. अंतर लांब असेल तर दुर्बीण पुनःपुन्हा हलवावी लागते, पण शेवटी हाती येतो तो दोन जागांच्या उंचीतला फरक. समजा, टाकी विहिरीपेक्षा १२.४० मीटर वर निघाली आणि शाळा टाकीपेक्षा ७.१५ मीटर खाली. हवी ती माहिती मिळाली, घरी जायला हरकत नाही. तरीही मोजणी करणारा शाळेवरून पुन्हा विहिरीपर्यंत येतो आणि तोही फरक लिहून घेतो : विहीर शाळेपेक्षा ५.२० मीटर खाली.

आता बेरीज करून पाहा. १२.४० वर चढलो, ७.१५ उतरलो, पुन्हा ५.२० उतरलो. निघालो तिथेच परत आलो, तर विहीर ५ सेंटिमीटर वर गेलेली! सर्व्हेवाले याला क्लोजिंग एरर म्हणतात. गणिताच्या भाषेत सांगायचं तर हाती आलेली तीन समीकरणं विसंगत आहेत. तिन्हींचं समाधान करतील अशा तीन उंच्या जगात नाहीतच.

तीन आकडे असले की हे बोटांवर कळतं. पण मोजणीत तीनशे बिंदू आणि साडेचारशे फरक असतील, वाटा एकमेकींना छेदत असतील, तर कुठल्या बेरजा करून पाहायच्या? इथे एक सरधोपट कसोटी उपयोगी पडते. ती कुठल्याही रेषीय समीकरणांना लागू पडते, समीकरणं चलांपेक्षा कमी असोत, जास्त असोत किंवा तेवढीच असोत.

विहिरीची उंची व, टाकीची ट, शाळेची श मानू. पहिलं समीकरण ट − व = १२.४०, दुसरं श − ट = −७.१५, तिसरं व − श = −५.२०. अक्षरं गाळून नुसते आकडे मांडले की असा तक्ता होतो :

```
   व    ट    श  |  मोजलेला फरक
  -१    १    ०  |   १२.४०
   ०   -१    १  |   -७.१५
   १    ०   -१  |   -५.२०
```

उभ्या रेषेच्या डावीकडचे तीन रकाने म्हणजे सहगुणकांचा मॅट्रिक्स. उजवीकडचा रकाना त्याला जोडला की होतो तो विस्तारित मॅट्रिक्स. डावीकडे फक्त कुठून कुठे मोजलं एवढंच लिहिलेलं आहे, काय वाचलं ते सगळं उजवीकडे आहे. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रँक म्हणजे मॅट्रिक्समधल्या खरोखर वेगळं काही सांगणाऱ्या ओळींची संख्या. जी ओळ इतर ओळींच्या पटी घेऊन, त्यांची बेरीज-वजाबाकी करून तयार होते, ती मोजायची नाही. रँक काढण्यासाठी ओळी एकमेकींत मिळवत जायचं, त्यामुळे रँक बदलत नाही. आपल्या तक्त्यात पहिली ओळ तिसरीत मिळवली की तिसरी होते ० १ −१ | ७.२०. आता तिच्यात दुसरी मिळवा. उरतं :

```
  -१    १    ०  |   १२.४०
   ०   -१    १  |   -७.१५
   ०    ०    ०  |    ०.०५
```

डावीकडे दोनच ओळी जिवंत राहिल्या, म्हणून सहगुणकांच्या मॅट्रिक्सची रँक २. विस्तारित मॅट्रिक्समध्ये मात्र तिसरी ओळही जिवंत आहे, कारण तिच्या टोकाला ०.०५ आहे. त्याची रँक ३. तिसरी ओळ म्हणते आहे, शून्य बरोबर ०.०५. तेच ते हरवलेले ५ सेंटिमीटर, वेगळं शोधायला न जाता आपोआप वर आलेले.

कसोटी एवढीच आहे : दोन्ही रँक सारख्या असतील तर समीकरणांना उकल आहे, विस्तारित मॅट्रिक्सची रँक जास्त असेल तर नाही. ती जास्त झालीच तर एकानेच होऊ शकते, कारण जोडलेला रकाना एकच असतो. कमी तर होतच नाही.

तिसरं वाचन −५.२५ असतं, तर शेवटच्या ओळीत सगळीकडे शून्य आलं असतं. दोन्ही रँक २, म्हणजे उकल आहे. पण कुठली? अज्ञात उंच्या तीन आणि रँक दोन, म्हणजे एक उंची आपल्या मर्जीवर राहिली. विहीर शून्यावर धरा की हजारावर, फरक तेच राहतात. अनंत उकली आहेत, आणि हे तर साध्या व्यवहारालाही पटतं, कारण नुसत्या फरकांवरून समुद्रसपाटीपासूनची उंची कशी कळणार? त्यासाठी बेंचमार्क लागतो. विहिरीच्या काठावर ५६०.०० मीटरचा बेंचमार्क आहे असं धरून व = ५६०.०० ही चौथी ओळ घातली, की दोन्ही रँक ३ होतात. अज्ञातही तीनच, म्हणून उत्तर एकच : टाकी ५७२.४०, शाळा ५६५.२५.

समीकरणं जेवढी तेवढीच चलं असली की उत्तर निघतं, हा समज शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. इथे तीन समीकरणं, तीन चलं असताना आधी उत्तर नव्हतं, मग अनंत झाली, आणि चार समीकरणं झाली तेव्हा नेमकं एक मिळालं. समीकरणं मोजून काही कळत नाही.

दहावीत शिकवली जाणारी निश्चयक पद्धत, म्हणजे क्रेमरची पद्धत, इथे हात टेकते. आपल्या डावीकडच्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही. मग विद्यार्थी पाठ केलेला नियम काढतात : बाकीचे निश्चयकही शून्य असले की उकली अनंत. दोन चलांच्या नेहमीच्या उदाहरणांत तो चालून जातो, तीन चलांत फसवतो. क्ष + य + झ बरोबर १, तेच बरोबर २, तेच बरोबर ३, अशी तीन समीकरणं घ्या. प्रत्येक निश्चयकात निदान दोन रकाने सारखे येतात, म्हणून चारही निश्चयक शून्य. तरीही उकल नाही हे लहान मूलही सांगेल. रँक पाहिली तर डावीकडे १, विस्तारित मॅट्रिक्सची २. प्रवेश परीक्षांच्या तयारीत हा नियम अजून घोकून घेतला जातो, त्यापेक्षा दोन मिनिटं खर्चून ओळी मिळवायला शिकवलं तर बरं.

या प्रमेयाच्या नावावर मात्र एकमत नाही. इटलीत ते रूशे–कापेल्ली, रशियात क्रोनेकर–कापेल्ली, स्पेनमध्ये रूशे–फ्रोबेनियस. फ्रेंच गणिती यूजीन रूशे यांनी ते १८७५ मध्ये मांडलं. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, ऑक्सफर्डच्या चार्ल्स डॉजसन यांच्या निश्चयकांवरच्या पुस्तकात ही अट आलेली आहे. डॉजसन म्हणजेच ॲलिसची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरल.

पुन्हा मोजणीकडे येऊ, कारण कागदावरची कसोटी आणि शेतातली मोजणी यांचा खटका इथेच उडतो. प्रत्यक्षात वाटेची बेरीज तंतोतंत शून्य जवळजवळ कधीच येत नाही. स्टाफ जरासा कलतो, ऊन तापलं की दुर्बिणीतले आकडे थरथरतात, मिलिमीटर अंदाजाने वाचावा लागतो. कसोटी शब्दशः लावली तर प्रत्येक मोजणी विसंगत ठरेल. म्हणून किती फरक चालवून घ्यायचा हे आधी ठरवतात. साधारण कामासाठी पाठ्यपुस्तकांत २४ मिलिमीटर गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ अशी मर्यादा असते. आपली वाट एकूण ४ किलोमीटरची असेल तर मर्यादा ४८ मिलिमीटर होते. आपली चूक ५० ची. थोडक्यात हुकली, पण मोजणी पुन्हा करावी लागणार.

चूक ३० मिलिमीटरची असती, म्हणजे तिसरं वाचन −५.२२ असतं, तर ती वाटून टाकली असती. तिन्ही टप्पे सारखे धरले तर प्रत्येकातून १ सेंटिमीटर वजा : १२.३९, −७.१६, −५.२३. आता बेरीज शून्य आणि विस्तारित मॅट्रिक्सची रँक परत २. डावीकडे बोटही लावलेलं नाही. दोन्ही रँक जुळेपर्यंत उजवीकडचा रकाना कमीत कमी हलवायचा, आणि ‘कमीत कमी’ ठरवायला दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज घ्यायची. लघुतम वर्गांची पद्धत म्हणतात ती हीच.

संगणकालाही अशीच मर्यादा आखून द्यावी लागते. ०.१ आणि ०.२ ही बेरीज करून त्यातून ०.३ वजा केले, तर बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत शून्याऐवजी `5.551115123125783e-17` असं काहीतरी येतं, कारण हे दशांश द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. एवढ्या कचऱ्यालाही आकडा मानलं तर शून्य ओळ जिवंत ठरेल आणि धडधाकट समीकरणं विसंगत म्हणून बाद होतील. म्हणून रँक काढणारे प्रोग्रॅम एका ठरावीक सीमेखालचं सगळं शून्यच मानतात. ती सीमा पाहिल्याशिवाय त्यांनी सांगितलेल्या रँकवर विसंबू नये.

आता तो शाळेवरून विहिरीपर्यंतचा परतीचा फेरा. तो घातला नसता तर दोनच ओळी राहिल्या असत्या आणि डावीकडची रँकही २. ओळींची संख्या आणि डावीकडची रँक सारखी असली की उजवीकडे काहीही लिहा, विस्तारित मॅट्रिक्सची रँक वाढूच शकत नाही. १२.४० ऐवजी कुणी चुकून २१.४० उतरवलं असतं, तरी समीकरणं गुमान सुसंगत राहिली असती. डावीकडे रँक न वाढवणारी एक जास्तीची ओळ असेल तेव्हाच चूक पकडण्याची सोय होते. ती ओळ असेल की नाही, हे दुर्बीण बाहेर काढण्याआधी, कुठून कुठे मोजायचं ठरतं तेव्हाच ठरलेलं असतं.

आणि ती असूनही काही चुका सुटतात. पहिल्या टप्प्यात ५ सेंटिमीटर जास्त वाचले आणि दुसऱ्यात तेवढेच खाली, म्हणजे १२.४५ आणि −७.२०, तर बेरीज बिघडत नाही. रँक जुळतात, टाकीची उंची मात्र ५७२.४५ निघते. विहिरीवरचा बेंचमार्कही हे पकडत नाही, कारण त्याच्या ओळीने दोन्ही रँक सारख्याच वाढतात. तोच चुकीचा असला तर सगळ्या उंच्या मिळून वर-खाली होतील आणि तक्ता काहीच बोलणार नाही. अशा वेळी टाकीजवळ दुसरा, स्वतंत्रपणे ठरवलेला बेंचमार्क शोधतात. त्यावर ५७२.४० लिहिलेलं असेल, तर ट = ५७२.४० या ओळीने डावीकडची रँक ३ वरच राहते, विस्तारित मॅट्रिक्सची ४ होते, आणि ते ५ सेंटिमीटर उघडे पडतात.