शेजारच्या स्टॉलवरचा वैरी

पुस्तक प्रदर्शनात शेजारी-शेजारी स्टॉल मिळालेले दोन प्रतिस्पर्धी विक्रेते आणि त्यांच्यातला हळूहळू निवळत जाणारा दुरावा, हा नाट्यशिबिरातल्या रोलप्लेसाठी उत्तम विषय आहे. त्याला सामान फारसं लागत नाही. दोन टेबलं, थोडी पुस्तकं, एक गल्ल्याचा डबा आणि बिलबुक एवढ्यावर भागतं. संवाद लिहून दिलेले नसतात. कोण, कुठे आणि कशावरून बिनसलंय एवढं ठरवून नट उभे राहतात आणि दिग्दर्शक अधूनमधून गिऱ्हाईक बनून आत येतो. दहा-बारा मिनिटांचा हा प्रवेश सोपा वाटतो, पण बहुतेक वेळा तिसऱ्या मिनिटालाच दोघं एकमेकांना चहा पाजतात आणि प्रवेश तिथंच संपतो.

याचं मूळ कारण भांडण पातळ असणं हे असतं. ‘दोघांचं जमत नाही’ एवढ्यावर कुणाला काहीच करता येत नाही. भांडणाला हिशेब हवा. समजा, एकीकडे शहरातल्या जुन्या दुकानाचे साठीतले मालक आहेत आणि दुसरीकडे गावोगाव गाडी घेऊन पुस्तकं विकणारी पस्तिशीतली बाई. दोघांकडे एकच कादंबरी आहे, छापील किंमत ४०० रुपये. मालकांना वितरक ३० टक्के कमिशन देतो, म्हणजे प्रत त्यांना २८० रुपयांना पडते. दहा टक्के सवलत देऊन ते ती ३६० ला विकतात. बाई रोखीने एकदम माल उचलते, म्हणून तिला ४० टक्के कमिशन मिळतं आणि प्रत २४० ला पडते. २५ टक्के सवलत देऊन ३०० ला विकली तरी तिला ६० रुपये सुटतात. मालकांनी तोच भाव लावला तर हाती वीस रुपये उरतात आणि त्यातच स्टॉलचं भाडं, हमाली, टेम्पो. वाचक त्यांच्याकडे उभा राहून पुस्तक निवांत चाळतो आणि पलीकडे जाऊन विकत घेतो. हे आकडे नटांच्या डोक्यात पक्के असले की राग वेगळा आणावा लागत नाही.

बाईचीही बाजू तेवढीच भक्कम ठेवावी लागते. तिचा संशय असा की, ‘हिला माल देऊ नका’ असं वितरकाच्या कानावर मालकांनीच घातलं. हे खरं की खोटं, ते प्रवेशात ठरवू नये. ठरवलं की एक जण खलनायक होतो आणि मग मैत्री होत नाही, माफी होते.

पहिली दोन-तीन मिनिटं दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नसतं. बोलणं गिऱ्हाइकाच्या आडून होतं. मालक ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, ‘‘गाडीवर भाजी घ्यावी, पुस्तकं नव्हे.’’ पलीकडून पुस्तक झटकत बाई म्हणते, ‘‘काही दुकानांत पुस्तकांपेक्षा धूळ जुनी असते.’’ थेट बोलायची वेळ आलीच तर ते तिला ‘मॅडम’ म्हणतात. ही दोन टोमण्यांची वाक्यं नटांनी लक्षात ठेवावीत, पुढे लागतात.

इंग्लंडमधल्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम केलेले नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन यांचं १९७९ सालचं ‘इम्प्रो’ हे पुस्तक इथे कामाला येतं. दोन माणसं समोरासमोर आली की त्यांच्यात सतत वर-खाली होण्याचा खेळ चालू असतो, असं ते मांडतात. नटांना त्यांचा सल्ला असा की, समोरच्यापेक्षा किंचितच वर राहा किंवा किंचितच खाली. मोठी झेप घेतली की प्रवेश खोटा दिसतो. दुरावा निवळण्याच्या प्रवेशाला हे तंतोतंत लागू पडतं. प्रत्येक वेळी एकानं अगदी थोडं खाली यायचं आणि त्याचं त्याला काहीतरी मोल पडायला हवं.

पहिली संधी सुट्या पैशांची. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क गेलंय, गिऱ्हाइकानं ५०० ची नोट पुढे केली आहे आणि बाईकडे दोनशे सुटे नाहीत. मालकांच्या डब्यात आहेत आणि ते तिला माहीत आहे. ती मागत नाही. मालक थोडा वेळ ऐकून न ऐकल्यासारखं करतात, मग शंभराच्या दोन नोटा तिच्या टेबलाच्या कडेवर ठेवतात आणि तोंड फिरवून पुस्तकं लावू लागतात. संध्याकाळी ती पैसे परत करते, ते वीस दहाच्या नोटांनी. त्यांचा डबा रिकामा होत आल्याचं तिनं पाहिलेलं असतं. ‘थँक्यू’ कुणीच म्हणत नाही, म्हणूही नये. पाऊस पाडून दोघांना एकाच ताडपत्रीखाली आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण पाऊस कुणालाही जवळ आणतो. त्यातून या दोघांबद्दल काहीच कळत नाही.

यानंतर एक पाऊल मागे हवंच. नोटा परत मिळाल्यावर लगेच एखादं गिऱ्हाईक मालकांना म्हणतं, ‘‘शेजारी २५ टक्के आहे, तुम्ही का नाही देत?’’ मालक खवळतात आणि राग बाईवर निघतो. नवखे नट हे वगळतात, मग प्रवेश उतरणीला लागलेल्या सायकलीसारखा आपोआप घरंगळतो. बाईनं उत्तर द्यायचं नाही. थोड्या वेळानं कुणी दोन खंडांच्या संचातला फक्त दुसरा खंड मागतं. तो मालकांकडे वर्षानुवर्षं पडून असल्याचं तिला दिसतंय. ती गिऱ्हाइकाला सांगते, ‘‘शेजारी काकांकडे विचारा.’’ नातं इथे प्रथमच तोंडी येतं, तेही तिसऱ्या माणसापाशी.

प्रवेशाचा कळसाचा भाग पुढे आहे. एकट्या विक्रेत्याला जेवायला किंवा स्वच्छतागृहात जायचं तर गल्ला सोडून कसं जायचं, ही अडचण असते. बाई शेवटी म्हणते, ‘‘काका, दहा मिनिटं बघाल का?’’ ती जाते आणि नेमकी तीच कादंबरी मागायला गिऱ्हाईक येतं. आता मालकांना स्वतःच्या हातानं ३०० रुपयांचं बिल फाडायचं आहे. शेजारी त्यांच्या टेबलावर तेच पुस्तक ३६० ला आहे. नटानं इथे घाई करू नये. पेन बिलबुकावर थांबतं, नजर स्वतःच्या टेबलाकडे जाते, मग आकडा लिहिला जातो. बाई परतल्यावर ते तीनशे पुढे करत एवढंच म्हणतात, ‘‘तुमच्याच भावानं दिलं, ताई. जड गेलं.’’

मग सुरुवातीचे दोन टोमणे परत येतात, शब्द न बदलता, पण या वेळी तोंडावर. ओळखीचे लोक वर-खालीचा हा खेळ ठरवून, मजेनं खेळू लागले की मित्र होतात, असं जॉनस्टन यांचं म्हणणं आहे. भाजी आणि धूळ तीच राहते, फक्त लागत नाही. सवलतीचा वाद मात्र मिटवायचा नाही. मालक आपला भाव उतरवत नाहीत आणि बाई चढवत नाही.

प्रवेश नीट झाला की नाही, हे बघणाऱ्यांना एकच प्रश्न विचारून कळतं: नेमकं कोणत्या क्षणी दोघं जवळ आली? सगळ्यांनी एकच क्षण सांगितला तर बदल एका झटक्यात झाला, म्हणजे तालीम पुन्हा करायची. उत्तरं वेगवेगळी आली तर पुढच्या फेरीत नटांनी भूमिकांची अदलाबदल करावी. टोमणा मारणाऱ्याला तो कुठे बसतो, हे तेव्हाच समजतं.