नीच शनी राजयोग कधी देतो?

मेष ही शनीची नीच रास. तिथे तो दुबळा मानला जातो, पण पत्रिकेत एवढ्यावर निकाल लागत नाही. मंत्रेश्वरांच्या 'फलदीपिके'त नियम आहे: ग्रह ज्या राशीत नीच असेल तिचा स्वामी, किंवा त्या ग्रहाच्या उच्च राशीचा स्वामी, लग्नापासून वा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे १, ४, ७ किंवा १० व्या स्थानी असेल, तर नीचत्व भंग पावते.

डिसेंबर १९९९ च्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत जन्मलेल्या मुलाची पत्रिका पाहा. लग्न कर्क, शनी दशमात मेषेत. मेषेचा स्वामी मंगळ सप्तमात, मकर या आपल्या उच्च राशीत. शनीची उच्च रास तूळ. तिचा स्वामी शुक्र चतुर्थात, स्वराशीत. दोघेही केंद्रात! शिवाय मंगळाची चौथी दृष्टी थेट शनीवर पडते.

मग हा राजयोग का? कर्क लग्नाला मंगळ पंचम आणि दशम, म्हणजे त्रिकोण आणि केंद्र, दोन्हींचा स्वामी होतो. शनी मात्र अष्टमेशही असल्याने फळात अडथळे सांगतात, आणि ते शनी-मंगळाच्या दशेतच मिळते असे मानतात.

इथेच घाई नडते. लग्न आणि चंद्र एकमेकांपासून केंद्रात नसतील, तर बारापैकी आठ राशी केंद्राच्या ठरतात. म्हणजे नुसता भंग अगदी सहज सापडतो. स्वामी स्वतः बलवान नसेल, तर भंगाने दोष फार तर सौम्य होतो. त्याला राजयोग म्हणणे ही अतिशयोक्तीच.