दुधाच्या चार बाटल्या

अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या परीक्षेत हमखास चकवणारा प्रश्न म्हणजे नमुन्याचे भाग किती करायचे? जुनी पुस्तके वाचलेला उमेदवार ‘तीन’ लिहून मोकळा होतो. १९५४च्या भेसळ प्रतिबंध कायद्यात तीनच होते. तेव्हाचा अन्न निरीक्षक तसेच करी. ऑगस्ट २०११पासून २००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लागू झाला आणि कलम ४७ने भाग चार केले. हा चौथा भाग विक्रेत्याच्या हक्काचा आहे, म्हणून तो आकडा नुसता पाठ करून भागत नाही.

समजा, अधिकारी एका डेअरीत सुट्टे दूध घेतो. आधी कॅनमधले दूध चांगले ढवळायचे. साय वर राहिली, तर फॅटचा आकडा खोटा येईल आणि बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल. मग नमुना तपासणीसाठी घेत असल्याची लेखी नोटीस द्यायची आणि दुधाचे पैसे चुकते करायचे. कोरड्या, स्वच्छ अशा चार बाटल्यांत प्रत्येकी ५०० मिली दूध भरायचे. दूध नासू नये म्हणून फॉर्मलीन घालायचे, दर २५ मिलीला दोन थेंब. म्हणजे बाटलीमागे चाळीस. लेबलवर त्याची नोंद हवीच.

खरी कसरत सील करताना होते. घट्ट बूच, वर जाड कागद, त्याची टोके दुमडून डिंकाने चिकटवलेली. त्यावर पदावधित अधिकाऱ्याची सही आणि सांकेतिक व अनुक्रमांक असलेली कागदी पट्टी तळापासून वरपर्यंत गुंडाळायची. विक्रेत्याची सही अर्धी पट्टीवर, अर्धी वेष्टनावर पडली पाहिजे. पट्टी उचकटून पुन्हा चिकटवली, तर सहीच्या रेषा जुळत नाहीत. मग सुतळी बांधून लाखेवर किमान चार ठसे उमटवायचे, वर एक, खाली एक, अंगावर दोन. विक्रेत्याने सही नाकारली, तर साक्षीदार बोलवायचे.

एक बाटली अन्न विश्लेषकाकडे जाते, दोन पदावधित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. सीलच्या ठशाचा नमुना आणि मेमोची प्रत विश्लेषकाकडे वेगळ्या पाकिटात पाठवतात. तो बाटलीवरचा ठसा त्याच्याशी ताडून पाहतो. ठसा बाटलीसोबतच गेला असता, तर वाटेत दोन्ही बदलणे सोपे झाले असते. परीक्षार्थी नेमका हाच तपशील गाळतात.

विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो. चौथी बाटली विक्रेत्याने मागणी केली, तर अधिमान्य प्रयोगशाळेत जाते, आणि तिचे निष्कर्ष विश्लेषकाच्या अहवालाशी जुळले नाहीत, तर ताब्यातल्या दोनपैकी एक बाटली रेफरल प्रयोगशाळेकडे रवाना होते. तिथला निर्णय अंतिम.