सबनेटिंगचे गणित: ब्लॉक कुठून सुरू होतो?

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या जुन्या प्रश्नपत्रिका साल सालाच्या क्रमाने सोडवत गेले, तर प्रत्येक गणित नवे वाटते. तीच गणिते नेमके काय विचारले आहे यावरून वेगळी काढली, तर सबनेटिंगच्या प्रश्नांचे मोजकेच गठ्ठे होतात. दोन पत्ते एकाच नेटवर्कात आहेत का, हा एक. मोठ्या ब्लॉकमधून लहान ब्लॉक कापून द्या, हा दुसरा. किती सबनेट आणि प्रत्येकात किती होस्ट, हा तिसरा. तिन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे: ब्लॉक जेवढ्या आकाराचा, तेवढ्याच्याच पटीत त्याची सुरुवात असते. हा नियम पटला की आकडेमोड पाढ्यांवर येते.

आयपी पत्ता बत्तीस बिटांचा असतो. आपण तो आठ-आठ बिटांचे चार आकडे करून लिहितो; या प्रत्येक आकड्याला ऑक्टेट म्हणतात. पत्त्याच्या पुढच्या भागावरून नेटवर्क कळते, मागच्या भागावरून त्या नेटवर्कातले यंत्र, म्हणजे होस्ट. दोन भागांमधली रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी नसते. लँडलाइनचे क्रमांक आठवा. पुण्याचा कोड ०२०, पुढे आठ आकडे. कोल्हापूरचा ०२३१, पुढे सात. साताऱ्याचा ०२१६२, पुढे सहा. कोड लांबला की आत मावणारे क्रमांक कमी होतात. आयपी पत्त्यात ही लांबी तिरप्या रेघेपुढचा आकडा सांगतो. `/20` म्हणजे पहिले वीस बिट नेटवर्कचे आणि उरलेले बारा होस्टचे, म्हणून ब्लॉकमध्ये ४०९६ पत्ते. हीच गोष्ट मास्कच्या रूपात `255.255.240.0` अशी लिहितात.

परीक्षेत उपयोगी पडणारी युक्ती इथेच आहे. मास्कमधला जो ऑक्टेट २५५ही नाही आणि ०ही नाही, तो २५६ मधून वजा करा. वरच्या मास्कमध्ये २५६ वजा २४० म्हणजे १६. याचा अर्थ तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ब्लॉक ०, १६, ३२, ४८ असे सोळाच्या पटीतच सुरू होतील. पत्त्याचा तिसरा ऑक्टेट ३७ असेल, तर त्याचा ब्लॉक ३२ वर सुरू होऊन ४७ वर संपतो. बाकी ऑक्टेटांकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

आता गेटच्या २०१२ सालच्या पेपरमधला प्रश्न घेऊ. एका इंटरनेट सेवा कंपनीकडे `245.248.128.0/20` हा ब्लॉक आहे. त्यातला अर्धा संस्था अ-ला, पाव संस्था ब-ला द्यायचा आणि उरलेला स्वतःकडे ठेवायचा. चार पर्यायांतली कोणती वाटणी चालेल? (२४५ पासून सुरू होणारे पत्ते राखीव आहेत, प्रत्यक्षात ते कुणाला वाटले जात नाहीत. गणिताला त्याने फरक पडत नाही.)

तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ब्लॉकचा आकार १६, म्हणजे हातात १२८ ते १४३. अर्धा म्हणजे ८, आणि त्यासाठी प्रीफिक्स एकाने वाढून `/21` होतो. पाव म्हणजे ४, त्यासाठी `/22`. आठच्या पटीत सुरुवात हवी असल्याने अ-साठी फक्त १२८ किंवा १३६ या जागा आहेत. ब-साठी १२८, १३२, १३६, १४०. एवढे कागदावर लिहिले की पर्याय आपोआप गळतात. एका पर्यायात अ-ला `245.248.128.0/21` आणि ब-ला `245.248.128.0/22` दिले आहे. दोन्ही १२८ वरच सुरू होतात, म्हणजे ब-चा ब्लॉक अ-च्या पोटात जातो. दुसऱ्यात अ-ला `/22` म्हणजे पावच मिळतो, तिसऱ्यात `/24` म्हणजे त्याहूनही कमी. उरतो तो `245.248.136.0/21` आणि `245.248.128.0/22`. अ-ला १३६ ते १४३, ब-ला १२८ ते १३१, आणि कंपनीकडे १३२ ते १३५. हेच उत्तर.

यातल्या दोन चुकीच्या पर्यायांत `245.248.132.0/21` हा पत्ता पेरलेला आहे. तो दिसायला सरळ आहे, पण असा ब्लॉक असूच शकत नाही. `/21` मध्ये तिसऱ्या ऑक्टेटचे पहिले पाच बिट नेटवर्कचे असतात, आणि नेटवर्कच्या पत्त्यात होस्टचे सगळे बिट शून्य असावे लागतात:

```
136 = 10001|000
132 = 10000|100
```

१३२ मध्ये रेघेनंतर एक १ उरतो. म्हणजे तो ब्लॉकचा आरंभ नाही, १२८ वर सुरू झालेल्या ब्लॉकच्या मधला पत्ता आहे. पटीचा नियम येतो तो यातूनच. विद्यापीठाच्या पेपरमध्ये विभागांना वेगवेगळ्या आकाराचे सबनेट द्यायला सांगतात, तिथे ही चूक फार होते. २५ यंत्रांना ० ते ३१ दिले की पुढच्या ५० यंत्रांसाठी मुले सरळ ३२ ते ९५ लिहून टाकतात. पन्नासांना ६४ चा ब्लॉक लागतो आणि तो ३२ वर सुरू होत नाही. म्हणून आधी सर्वांत मोठी मागणी भागवायची, मग उतरत जायचे. मध्ये भोके राहत नाहीत.

पहिल्या गठ्ठ्यातला २००६ चा प्रश्न मला सर्वांत आवडतो. एका संगणकाचा पत्ता `203.197.2.53` आणि मास्क `255.255.128.0`. दुसऱ्याचा `203.197.75.201` आणि मास्क `255.255.192.0`. एकमेकांना ते आपल्याच नेटवर्कातले समजतील का? पहिल्याचे ब्लॉक १२८ च्या पटीत, म्हणून २ आणि ७५ दोन्ही ० ते १२७ मध्ये पडतात. तो दुसऱ्याला आपला समजतो. दुसऱ्याचे ब्लॉक ६४ च्या पटीत. ७५ पडतो ६४ ते १२७ मध्ये, २ पडतो ० ते ६३ मध्ये. त्याच्या लेखी पहिला परका. प्रत्येक संगणक दोन्ही पत्त्यांना स्वतःचाच मास्क लावतो, समोरच्याचा त्याला ठाऊक नसतो. एवढे लक्षात असले की उत्तर एकतर्फी का, ते कळते.

तिसऱ्या गठ्ठ्यात मात्र जुन्या पेपरवर डोळे मिटून विसंबू नये. २००७ च्या गेटमध्ये ब वर्गाच्या पत्त्यात सबनेटला सहा बिट दिले, तर जास्तीत जास्त किती सबनेट आणि किती होस्ट, असे विचारले होते. सहा बिटांचे ६४ प्रकार होतात, पण पर्यायांत बरोबर बसणारे उत्तर होते ६२ सबनेट आणि १०२२ होस्ट. होस्टमधून दोन वजा होतात ते आजही खरे आहे: पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा. सबनेटमधून दोन वजा करणे ही मात्र १९८५ च्या जुन्या मानकाची रीत. १९९३ मध्ये वर्ग सोडून प्रीफिक्सची पद्धत आली आणि ती रीत मागे पडली. आज त्याच गणितात ६४ सबनेट धरतात. पण पर्यायांत ६४ सोबत १०२४ होस्ट दिले असतील, तर ते उत्तर होस्टच्या बाजूने चुकते, आणि पेपर काढणाऱ्याने जुनी रीत धरली आहे हे तिथेच कळते.

म्हणून पर्याय असतील तर आधी होस्टचा आकडा तपासा, मग सबनेटचा. आणि लेखी पेपर असेल तर उत्तराच्या वर एक ओळ लिहा: सर्व शून्य आणि सर्व एक असलेले सबनेट धरले आहेत, की वगळले आहेत.